शब्द बरोबर, तरी शिल्लक शून्य: रिस्टोअर केलेलं हार्डवेअर वॉलेट रिकामं दिसतं तेव्हा

जुना डिव्हाइस बिघडतो. नवा आणतो, कागदावरचे २४ शब्द नीट बघून टाकतो, डिव्हाइस ते मुकाट्याने स्वीकारतो, ॲप उघडतो आणि समोर `0.00000000 BTC`. हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तोवर तीनदा रीसेट करून तेच शब्द पुन्हा टाकलेले असतात. चौथ्यांदा टाकूनही तेच दिसणार. त्याच शब्दांतून तोच हिशेब पुन्हा होतो, त्यात नशिबाचा भाग नाही.

आधी एक सावधगिरी. हा प्रश्न कुठेही विचारलात की पाच मिनिटांत कुणीतरी खासगी मेसेज करून "वॉलेट सिंक करून देतो, या साइटवर शब्द टाका" म्हणणार. शब्द कुठल्याही वेबसाइटवर, फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर टाकायचे नाहीत. खाली जे काही आहे ते, एक अपवाद सोडला तर, सगळं शब्द डिव्हाइसमध्येच ठेवून करता येतं. दुसरं म्हणजे जुन्या फोनवरचं किंवा लॅपटॉपवरचं वॉलेट ॲप अजून काढलं नसेल तर काढू नका. त्यात पैसे नसतात, पण जुने पत्ते असतात, आणि आपल्याला नेमके तेच हवेत.

शून्य म्हणजे नक्की काय

नाणी डिव्हाइसमध्ये नसतात, ती ब्लॉकचेनवर वेगवेगळ्या पत्त्यांवर नोंदलेली असतात. शब्दांपासून किल्ल्या बनतात आणि किल्ल्यांपासून पत्ते. पण एका शब्दसंचातून एक पत्ता निघत नाही, अब्जावधी निघतात. ते सगळे पाहणं ॲपला शक्य नसतं, म्हणून ते ठरावीक ठिकाणी डोकावतं आणि तिथे काही नसेल तर शून्य दाखवतं. म्हणजे शून्याचा अर्थ "मी जिथे पाहिलं तिथे काही नाही" एवढाच.

कुठे पाहायचं हे ज्या मार्गाने ठरतं त्याला डेरिव्हेशन पाथ म्हणतात. बिटकॉइनचा एक पाथ असा दिसतो:

```
m/84'/0'/0'/0/0
```

डावीकडून वाचत जा. `84'` म्हणजे पत्त्याचा प्रकार. त्यापुढचा `0'` म्हणजे नाणं बिटकॉइन (इथरसाठी तिथे `60'` येतं). तिसरा `0'` म्हणजे अकाउंट क्रमांक. मग `0` असेल तर पैसे घेण्याचे पत्ते, `1` असेल तर खर्चानंतर उरलेली रक्कम परत येते ते पत्ते. शेवटचा आकडा पत्त्याचा अनुक्रम. आकड्यापुढचं ते छोटं चिन्ह सजावटीचं नाही. ते गाळलं तर किल्ली वेगळीच निघते. काही ॲप त्याऐवजी `84h` असं लिहितात, अर्थ तोच.

खाली बारा शब्दांच्या एका प्रसिद्ध चाचणी-संचातून निघालेले पहिले पत्ते आहेत. अकरा वेळा `abandon` आणि शेवटी `about`, पासफ्रेज काही नाही:

```
m/44'/0'/0'/0/0  1LqBGSKuX5yYUonjxT5qGfpUsXKYYWeabA
m/49'/0'/0'/0/0  37VucYSaXLCAsxYyAPfbSi9eh4iEcbShgf
m/84'/0'/0'/0/0  bc1qcr8te4kr609gcawutmrza0j4xv80jy8z306fyu
```

(या पत्त्यांवर गंमत म्हणूनही काही पाठवू नका. शब्द जगजाहीर आहेत.)

शब्द तेच, फक्त पाथमधला पहिला आकडा बदलला आणि पत्ते एकमेकांना ओळखही देत नाहीत. `1` ने सुरू होणारा सगळ्यात जुना प्रकार, `3` ने सुरू होणारा मधल्या काळातला, `bc1q` आजचा रूढ प्रकार. चौथा `bc1p`, म्हणजे टॅपरूट, त्याचा पाथ `86'` ने सुरू होतो. आजची बहुतेक ॲप न विचारता `84'` उघडतात. तुम्ही काही वर्षांपूर्वी `49'` वर पैसे घेतले असतील तर नव्या ॲपला ते दिसत नाहीत, आणि ते तसं बोलूनही दाखवत नाही. माझी ॲप बनवणाऱ्यांबद्दल खरी तक्रार हीच आहे. "या प्रकारात काही सापडलं नाही, दुसरे प्रकार पाहू का" एवढी एक ओळ लिहिली असती तर कितीतरी लोकांची झोप वाचली असती.

आधी एक जुना पत्ता मिळवा

निदान इथून सुरू करा, सेटिंगमध्ये बोटं घालून नाही. तुमच्या जुन्या वॉलेटचा एक तरी पत्ता शोधा. एक्स्चेंजवरून पैसे काढले होते का? मग तिथल्या विथड्रॉवल हिस्टरीत पत्ता आहे. कुणाला पैसे पाठवायला सांगितले होते का? मग जुन्या चॅटमध्ये किंवा मेलमध्ये आहे. एखाद्या स्क्रीनशॉटमधला क्यूआर कोडही चालतो.

तो पत्ता ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, टाका. इथे बरेच जण घाबरतात, कारण पत्त्यावरची शिल्लक शून्य दिसते. शिल्लक बघू नका, व्यवहार बघा. तुम्ही त्या पत्त्यावर आलेले पैसे वापरून एकदा जरी काही पाठवलं असेल तर ते पूर्ण निघतात. जेवढे द्यायचे तेवढे समोरच्याला जातात आणि उरलेले तुमच्याच दुसऱ्या एका पत्त्यावर, त्या `/1/` च्या शाखेत, परत येतात. म्हणून जुना पत्ता रिकामा असणं अगदी नेहमीचं आहे. मात्र सगळी रक्कम एकाच वेळी अनोळखी पत्त्यावर गेली असेल आणि तो व्यवहार तुम्ही केलेला नसेल, तर तो चोरीचा मामला. त्याला पुढचं काहीच लागू होत नाही.

पत्त्याची सुरुवात पाहिलीत की साध्या, एका सहीच्या वॉलेटसाठी पाथचा पहिला आकडा कळला. अर्धा शोध इथेच संपतो.

पासफ्रेज: चुकीचा पासफ्रेज असं काही नसतंच

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबतो.

शब्दांपासून मूळ सीड बनवताना बीआयपी-३९ नावाची पद्धत शब्दांसोबत आणखी एक मजकूर मिसळू देते. तो म्हणजे पासफ्रेज. मिसळण्याची क्रिया पायथनमध्ये एवढीच आहे:

```
import hashlib
w = " ".join(["abandon"]*11 + ["about"])
for p in ["", "TREZOR"]:
    s = hashlib.pbkdf2_hmac("sha512", w.encode(),
        ("mnemonic" + p).encode(), 2048)
    print(s.hex()[:16])
```

हा कोड फक्त चाचणीच्या शब्दांवर चालवायचा, स्वतःच्या नाही. निकाल असा येतो:

```
5eb00bbddcf06908
c55257c360c07c72
```

पहिला पासफ्रेजशिवाय, दुसरा पासफ्रेजसह. दोन्ही सीड तितकीच वैध. यात कुठेही "हा पासफ्रेज चूक आहे" म्हणणारी पायरी नाही, कारण बरोबर कोणता हे कुठेच साठवलेलं नसतं. पिन चुकला तर डिव्हाइस सांगतो. पासफ्रेज चुकला तर तो एक नवंकोरं, रिकामं, पूर्णपणे खरं वॉलेट उघडून देतो. एक अक्षर लहानाचं मोठं झालं, शेवटी एक स्पेस राहिली, तरी तेच.

"मी पासफ्रेज लावलाच नव्हता" हे ज्यांनी छातीठोकपणे सांगितलं त्यांच्यापैकी काहींनी लावलेला असतो, फक्त त्याला ते दुसरा पासवर्ड, पंचविसावा शब्द किंवा हिडन वॉलेट म्हणत असतात. याच्या उलटही होतं. ॲप उघडायचा पासवर्ड किंवा पिन म्हणजेच पासफ्रेज असं समजून लोक तो नव्या डिव्हाइसमध्ये टाकतात आणि रिकामं वॉलेट उघडतात. लेजरसारख्या डिव्हाइसवर पासफ्रेज दुसऱ्या पिनला जोडून ठेवता येतो. मग रोज फक्त पिन टाकायची सवय लागते आणि मागे पासफ्रेज होता हेच विसरायला होतं. नव्या डिव्हाइसवर शब्द टाकल्यावर ती जोडणी येत नाही, ती पुन्हा करावी लागते.

शब्द आणि पासफ्रेज बरोबर आहेत का हे पाथच्या भानगडीत न पडता तपासायची एक सोय आहे, मास्टर फिंगरप्रिंट. आठ अक्षरांचा हा ठसा शब्द आणि पासफ्रेज या दोहोंवरूनच ठरतो, पाथ कुठलाही असो. वरच्या चाचणी-शब्दांचा ठसा `73c5da0a` आहे. जुन्या वॉलेट फाइलमध्ये, एक्सपोर्ट केलेल्या माहितीत किंवा स्पॅरोसारख्या ॲपमध्ये तो नोंदलेला असू शकतो. जुना आणि नवा ठसा जुळला तर शब्द आणि पासफ्रेज यांच्याबद्दल शंका सोडा, चूक पाथमध्येच आहे. जुळला नाही तर पाथ बदलत बसण्यात वेळ घालवू नका.

शब्दच चुकीचे टाकले गेले असतील तर? शेवटच्या शब्दात तपासणीचा भाग असतो. २४ शब्दांत यदृच्छेने चूक झाली तर ती निसटण्याची शक्यता २५६ मध्ये एक, १२ शब्दांत मात्र १६ मध्ये एक. त्यामुळे २४ शब्द स्वीकारले गेले तर लिहिण्यातली चूक जवळपास नाहीच. पण कागद त्याच वॉलेटचा आहे हे डिव्हाइस सांगू शकत नाही. घरात दोन कागद असतील तर दुसराही काढा.

माझ्या मित्राचं प्रकरण

त्याच्या डिव्हाइसचा स्क्रीन गेला. त्याने दुसऱ्या कंपनीचा डिव्हाइस घेतला, २४ शब्द टाकले, शून्य. मी विचारलं, जुना पत्ता आहे का? एक्स्चेंजच्या हिस्टरीत एक मिळाला, `3` ने सुरू होणारा. एक्सप्लोररवर त्याचे दोन व्यवहार दिसले, एक आत, एक बाहेर. बाहेरच्या व्यवहारात दोन वाटा होत्या आणि त्यातली एक पुन्हा `3` च्या पत्त्यावर गेलेली. तो म्हणाला, "गेले पैसे." मी म्हटलं, "हे तर तूच कुणाला तरी पाठवलेले, आठव." आठवलं.

नवं ॲप फक्त `84'` बघत होतं. म्हणून आम्ही इलेक्ट्रमच्या मूळ साइटवरून प्रोग्राम घेतला, त्याची डिजिटल सही तपासली आणि नवी वॉलेट फाइल करताना "Use a hardware device" निवडलं. पुढच्या पानावर `p2sh-segwit` निवडल्यावर खालच्या चौकटीत `m/49'/0'/0'` आपोआप आलं. शब्द डिव्हाइसमधून बाहेर आले नाहीत, फक्त त्या अकाउंटची सार्वजनिक किल्ली आली. `View` मधून पत्त्यांची यादी उघडली आणि तिच्यात जुना पत्ता शोधला. नव्हता. शिल्लकही शून्य.

आता प्रकार तर पक्का होता, मग उरलं काय? पासफ्रेज किंवा अकाउंट. मित्र ठामपणे "फक्त पिन होता" म्हणत होता. मग दहा मिनिटांनी: "कधीकधी फोनवर एक शब्द विचारायचा, तो?" तोच.

शब्द त्याला आठवत होता. टाकला, पुन्हा नवी वॉलेट फाइल, पुन्हा यादी, पत्ता नाही. इथे लोक हताश होऊन वाट्टेल ते टाकू लागतात. आम्ही कागद घेतला. डाव्या बाजूला टाकलेला पासफ्रेज हुबेहूब, स्पेसची जागा ठिपक्याने दाखवून, आणि उजवीकडे त्यातून निघालेल्या पहिल्या पत्त्याची शेवटची चार अक्षरं. यामुळे तोच प्रयत्न दोनदा होत नाही, आणि टाइप करताना बोट घसरलं तरी कळतं, कारण एकाच पासफ्रेजवरून दोन वेगळे पहिले पत्ते निघू शकत नाहीत.

मी त्याला फोन हातात घेऊन तो शब्द नेहमीसारखा टाइप करायला सांगितलं, डिव्हाइसवर नाही, साध्या नोंदवहीत. कीबोर्डने पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं. आणि त्याने वर आलेल्या सूचनेवर बोट ठेवलं तेव्हा शब्दापुढे एक स्पेसही पडली. चार शक्यता झाल्या: लहान अक्षर, मोठं अक्षर, आणि दोन्ही स्पेससह. तिसऱ्या प्रयत्नाला, मोठं अक्षर आणि स्पेस नसलेलं, यादीत जुना पत्ता दिसला. चौथ्या ओळीत होता. नोंदवहीतला शब्द लगेच पुसला. खरं तर तो फोनवर लिहायलाच नको होता. हवाई मोड चालू होता, तरीही.

शक्यता चार असतील तर हाताने जमतं. शे-दोनशे असतील तर बीटीसीरिकव्हर नावाचं मुक्त साधन आहे. त्याला एक जुना पत्ता आणि शक्यतांचे नियम द्यावे लागतात. पण त्याला शब्दही द्यावे लागतात, म्हणून ते कधीच ऑनलाइन न जाणाऱ्या मशीनवरच चालवायचं. आणि पासफ्रेज लांब असून त्याचं काहीच आठवत नसेल तर मार्ग नाही. कुणी आहे म्हणत असेल तर तो तुमचे शब्द मागणार.

सापडले, पण निम्मेच

शिल्लक आली, पण अपेक्षेपेक्षा कमी. मित्राने कधीतरी मुलीच्या नावाने वेगळं अकाउंट केलं होतं, ॲपमध्ये त्याचं नाव होतं `Account 3`.

इथे दोन सापळे आहेत. पहिला मोजणीचा: माणसं एकपासून मोजतात, पाथ शून्यापासून. `Account 3` म्हणजे `m/49'/0'/2'`. दुसरा शोधाचा. बहुतेक ॲप अकाउंट क्रमाने तपासतात आणि एकही व्यवहार नसलेलं अकाउंट लागलं की थांबतात. मित्राचं दुसरं अकाउंट उघडलं होतं पण वापरलंच नव्हतं. नवं ॲप `49'` बघत असतं तरी पहिलं बघून दुसऱ्यापाशी थांबलं असतं, तिसऱ्यापर्यंत पोचलंच नसतं. इलेक्ट्रममध्ये आणखी एक वॉलेट फाइल केली, चौकटीतला शेवटचा `0'` हाताने बदलून `2'` केला, पासफ्रेज तोच. उरलेले पैसे आले.

पत्त्यांच्या बाबतीतही अशीच एक मर्यादा असते. सलग २० न वापरलेले पत्ते लागले की ॲप शोध थांबवतं. दुकान चालवणारे किंवा प्रत्येक वेळी नवा पत्ता देणारे यात सापडतात: पंचवीस जणांना पत्ते दिले, पैसे फक्त पंचविसाव्याने पाठवले, ॲपला ते दिसत नाहीत. स्पॅरोमध्ये `Settings` मधल्या `Advanced` मध्ये `Gap limit` वाढवून १०० करा आणि पुन्हा शोधू द्या.

इथरवाल्यांसाठी थोडक्यात. इथे पत्त्याच्या सुरुवातीवरून काही कळत नाही, सगळे `0x` नेच सुरू होतात. अनेक वॉलेट दुसरा पत्ता `m/44'/60'/0'/0/1` वर काढतात, लेजर लाइव्ह तो `m/44'/60'/1'/0/0` वर काढतं, आणि लेजरची जुनी पद्धत `m/44'/60'/0'/1` अशी होती. पहिल्या दोन पद्धतींचा पहिला पत्ता मात्र एकच असतो, `m/44'/60'/0'/0/0`. म्हणूनच "पहिलं अकाउंट आलं, दुसरं हरवलं" अशी तक्रार आली की मी दुसरं काही विचारत नाही. मेटामास्कला हार्डवेअर वॉलेट जोडताना पाथ निवडायची यादी येते, तिथे पर्याय बदलून पाहायचा.

मित्राने नंतर दोन्ही अकाउंटमधले पैसे नव्या शब्दांवर, `84'` च्या एकाच अकाउंटवर हलवले. आधी थोडीशी रक्कम पाठवली, डिव्हाइस रीसेट करून शब्दांवरून पुन्हा उभा केला, ती रक्कम दिसते का पाहिलं, मग बाकीची. शब्दांच्या कागदापासून वेगळ्या जागी त्याने आणखी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर या तीन गोष्टी आहेत (आकडे इथे चाचणी-शब्दांचे देतो):

```
fingerprint  73c5da0a
path         m/84'/0'/0'
first addr   bc1qcr8te4kr...8z306fyu
```

पासफ्रेज तिच्यावर नाही, तो तिसऱ्या जागी आहे. पासफ्रेजवाल्या वॉलेटचा ठसा लिहून ठेवला की पासफ्रेज आहे हे चिठ्ठी आणि शब्द दोन्ही मिळालेल्या माणसाला कळू शकतं, एवढा तोटा आहे. मित्राने तो पत्करला. त्याचं म्हणणं, चोराला कळेल की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या वेळी निदान मला तरी कळेल.